गोंगाटाच्या खोलीतला माईक: कंडेन्सर की डायनॅमिक?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला बारीक चढउतार. मायक्रोफोन त्या चढउताराचे विजेत रूपांतर करतो, आणि घरगुती ध्वनिमुद्रणात हे रूपांतर आज प्रामुख्याने दोन पद्धतींनी होते. डायनॅमिक माईकमध्ये पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या फटीत अधांतरी असते. पडद्याबरोबर वेटोळे हलते आणि वेटोळे हलले की त्यात वीज निर्माण होते. तिला बाहेरून कसलाही वीजपुरवठा लागत नाही. कंडेन्सर माईकमध्ये वेटोळे नसते. धातूचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा पडदा एका स्थिर पट्टीसमोर ताणून बसवलेला असतो आणि दोघे मिळून विद्युतभार साठवणारी जोडी होते. पडदा हलला की दोघांमधले अंतर बदलते आणि त्यासोबत व्होल्टेज बदलते. हा बदल इतका नाजूक असतो की तो तारेतून नेण्याआधी माईकच्या पोटातच एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवावे लागते, आणि त्या सर्किटाला वीज पुरवावी लागते.

दोन्ही पद्धती जुन्या आहेत. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या ई. सी. वेंट यांनी १९१६ साली कंडेन्सर माईक तयार केला. पुढे १९३१ साली बाजारात आलेल्या वेटोळ्याच्या माईकमागेही थुरास यांच्याबरोबर हेच वेंट होते. आज या दोन प्रकारांवरून इतके वाद झडतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट, म्हणजे विद्युतभार कायम धरून ठेवणाऱ्या पडद्याचा माईक तयार केला आणि कंडेन्सर स्वस्त झाला. कॉलरच्या क्लिपमधला आणि बऱ्याचशा यूएसबी माईकमधला कंडेन्सर याच जातीचा असतो.

यूएसबी हा माईकचा प्रकार नव्हे. यूएसबी माईक म्हणजे माईक, त्याचा ॲम्प्लिफायर आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप हे तिन्ही एकाच डब्यात. आत कंडेन्सर असू शकतो, तसाच डायनॅमिकही असू शकतो. सॅमसनचा क्यू२यू हा डायनॅमिक माईक यूएसबीवरही चालतो आणि स्टुडिओत वापरतात त्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलवरही. तरीही बाजारात ‘यूएसबी माईक’ म्हटले की टेबलावर उभा राहणारा कंडेन्सर आणि ‘डायनॅमिक’ म्हटले की गायकाच्या हातातला जाळीच्या गोळ्याचा माईक, असा समज पक्का झाला आहे. पुढची तुलना या दोघांतली आहे, पण तिच्यातला बराच भाग प्लगशी नव्हे तर माईक कुठे ठेवला आहे याच्याशी संबंधित आहे.

गोंगाटाच्या खोलीसाठी कोणता माईक घ्यावा असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: कंडेन्सर खोलीतला प्रत्येक आवाज टिपतो, डायनॅमिक फक्त जवळचा आवाज घेतो, म्हणून डायनॅमिक घ्या. सल्ला बहुतेकदा बरोबर ठरतो, पण त्यामागे सांगितलेले कारण चुकीचे असते. कारण चुकीचे समजल्यामुळेच डायनॅमिक विकत घेऊन तो टेबलावर हातभर लांब ठेवणारे लोक शेवटी निराश होतात.

चूक ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणजे संवेदनशीलता या शब्दाभोवती आहे. ठरावीक दाबाच्या आवाजाला माईक किती व्होल्टेज देतो, एवढाच तिचा अर्थ. ९४ डेसिबलच्या आवाजाला शुअर कंपनीचा एसएम५८ हा डायनॅमिक साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर स्टुडिओतला एखादा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर वीस-पंचवीस मिलिव्होल्ट देतो. म्हणजे कंडेन्सर दहा-बारा पट जोरकस. पण हा जोर निवडक नसतो. बोलणाऱ्याचा आवाज जितक्या पटीने मोठा होतो तितक्याच पटीने पंखाही मोठा होतो, आणि दोघांमधले प्रमाण जिथल्या तिथे राहते. पाणी जास्त झालेले ताक लहान वाटीतून मोठ्या भांड्यात ओतल्याने घट्ट होत नाही, तसेच हे आहे. डायनॅमिकचेही तेच. त्याचा पडदा अमुक पातळीखालचा आवाज गाळून टाकत नाही. लांबचा कुकर आणि जवळचा माणूस यांच्यात भेद करणारी कोणतीही यंत्रणा त्याच्या पोटात नाही.

मग डायनॅमिक शांत का वाटतो? बऱ्याचदा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण, न बदलता दोन माईक आलटून पालटून लावले जातात. कंडेन्सरमधून खोली भरभरून ऐकू येते, डायनॅमिकमधून जवळजवळ काहीच येत नाही, आणि ऐकणारा खूश होतो. डायनॅमिकमधून बोलणाऱ्याचा आवाजही तितकाच बारीक आला आहे, हे त्या क्षणी लक्षात येत नाही. बोलणे ऐकू येण्याइतके बटण वर नेले की पंखाही वर येतो.

दोघांमधले प्रमाण खरोखर बदलते ते अंतराने. उदाहरणार्थ, बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंचीची एक खोली घेऊ. मोझेइकची फरशी, ऑइलपेंट दिलेल्या भिंती, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी आणि छताला पंखा. एक शिक्षक टेबलाशी बसून भौतिकशास्त्राचे धडे ध्वनिमुद्रित करत आहेत. मे महिना असल्यामुळे पंखा बंद करण्याचा प्रश्नच नाही. पंखा आणि रस्ता मिळून खोलीत सगळीकडे सुमारे ५० डेसिबल आवाज आहे असे धरू. नेहमीच्या बोलण्याचा आवाज तोंडापासून एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतो.

माईक मीटरभर लांब असेल तर बोलणे गोंगाटापेक्षा दहा डेसिबलनेच वर राहते. अशा ध्वनिमुद्रणात शिक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून बोलत असल्यासारखे वाटतात. अंतर निम्मे केले की बोलण्याचा दाब दुप्पट होतो, म्हणजे सहा डेसिबलने वाढतो. पंख्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो, कारण माईक पन्नास सेंटिमीटर सरकला म्हणून तो पंख्यापासून फारसा लांब वा जवळ गेलेला नसतो. अर्ध्या मीटरवर फरक १६ डेसिबल होतो. पाव मीटरवर, म्हणजे साधारण वीतभर अंतरावर, २२. त्याच्या निम्म्यावर २८. चार बोटे अंतरावर तो ३३-३४ डेसिबलपर्यंत जातो. तोंडाच्या फार जवळ हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, कारण तोंड हा काही बिंदू नाही. पण दिशा तीच राहते. अर्ध्या मीटरवरून चार बोटांवर येण्यात सतरा-अठरा डेसिबलचा फायदा आहे. एवढा फायदा माईकची जात बदलून कधीच मिळत नाही.

दुसरा भाग घुमण्याचा. फरशी आणि भिंतींवरून परतलेला बोलण्याचाच आवाज माईकमध्ये पुन्हा शिरतो, आणि तोही गोंगाटच असतो. उलट तो काढणे पंख्यापेक्षा अवघड, कारण तो बोलण्याच्याच सुरात असतो. प्रत्येक खोलीत एक अंतर असे असते की जिथे थेट आलेला आणि भिंतींवरून परतलेला आवाज सारखेच भरतात. ध्वनिशास्त्रात त्याला क्रांतिक अंतर म्हणतात. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये आणि टाळीचा आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ सेकंदांत घेतला, तर त्यांच्या भागाकाराच्या वर्गमुळाला ०.०५७ ने गुणले की हे अंतर मीटरमध्ये मिळते. वरच्या खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर आहे. रिकाम्या, टणक खोलीत आवाज विरायला सेकंदभर लागतो असे धरले तर क्रांतिक अंतर ३३ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम फूटभर निघते. एका दिशेने ऐकणाऱ्या माईकसाठी ते सुमारे १.७ पट होते, पण तेही दोन फुटांच्या आत. लॅपटॉपच्या मागे टेबलावर उभा केलेला माईक नेमका या सीमेवर किंवा तिच्या पलीकडे असतो. मागच्या भिंतीवर आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी अंथरली, तर विरण्याचा वेळ निम्म्यावर येऊ शकतो आणि हे अंतर सुमारे ४७ सेंटिमीटर होते. फायदा आहे, पण माईक पुढे ओढण्याने होतो त्याच्या तुलनेत किरकोळ.

इथे दोन प्रकारांमधला खरा फरक सुरू होतो. डायनॅमिक माईक चार बोटांवरून बोलण्यासाठीच घडवलेला असतो. कमी संवेदनशील असल्यामुळे तो माणसाला जवळ येण्यास भाग पाडतो. त्याची जाळी आणि आतला स्पंज श्वासाचा झोत मोडतात, आणि एवढ्या जवळून मोठ्याने बोलले तरी तो फाटत नाही. टेबलावरच्या यूएसबी कंडेन्सरची रचनाच लांबून वापरण्याची सवय लावते. त्याला स्वतःचा छोटा स्टँड असतो, तो स्टँड टेबलावर मॉनिटरशेजारी बसतो, आणि त्याचा आवाज लांबूनही भरपूर येत असल्यामुळे जवळ जाण्याची गरज कुणाला जाणवत नाही. दोष पडद्याचा कमी आणि स्टँडचा जास्त. तोच कंडेन्सर आडव्या दांड्यावर लावून वीतभराच्या आत आणला आणि गेन खाली घेतला, तर गोंगाटाच्या बाबतीत तो डायनॅमिकच्या जवळपास येऊन बसतो.

पूर्ण बरोबरीला मात्र तो येत नाही, आणि त्याची कारणे आहेत. कंडेन्सरचा पडदा हलका असल्याने तो दहा हजार हर्ट्झच्या वरचे बारीक आवाजही सहज पकडतो: जिभेची टचटच, थुंकी गिळणे, कागदाची सळसळ, लॅपटॉपच्या पंख्याची सीत्कार. डायनॅमिकच्या पडद्यावर वेटोळ्याचे ओझे असते, त्यामुळे तो या पट्ट्यात हळूहळू ढेपाळतो. एसएम५८ तर साधारण १५,००० हर्ट्झपर्यंतच जातो आणि खालच्या टोकालाही, शंभर हर्ट्झच्या आसपास, उतरू लागतो. मानवी बोलणे समजण्यासाठी जो पट्टा लागतो तो या दोन टोकांच्या मध्ये आहे. ट्रकची घरघर बरीचशी त्याच्या खाली आणि पंख्यांच्या सळसळीचा काही भाग त्याच्या वर. म्हणजे डायनॅमिक गोंगाट ओळखत नाही, पण दोन्ही टोके मुळातच कमी घेतो, आणि त्यातून त्याची कीर्ती झाली आहे. कंडेन्सरवरही नंतर सॉफ्टवेअरमध्ये टोके कापून हाच परिणाम साधता येतो.

जवळ जाण्याची किंमतही असते. एका दिशेने ऐकणाऱ्या बहुतेक माईकच्या फार जवळ गेले की आवाजातला खर्ज फुगतो. रेडिओवरचे निवेदक याचा मुद्दाम उपयोग करतात. गोंगाटाच्या खोलीत हे फुगणे वेगळ्या कारणाने कामाचे आहे. फुगलेला खर्ज सॉफ्टवेअरमधल्या हाय-पास फिल्टरने, म्हणजे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे आवाज उतरवणाऱ्या फिल्टरने, पुन्हा सपाट केला की बोलणे नैसर्गिक होते आणि त्याच कात्रीत रस्त्याची घरघरही कापली जाते. लांबून ध्वनिमुद्रण केले असते तर ही कात्री बोलण्यातला खर्जही नेती आणि आवाज पिचका होता.

दुसरी किंमत श्वासाच्या झोताची. मराठीत प आणि ब यांच्या जोडीला फ आणि भ हे महाप्राण आहेत, आणि ‘भौतिक’, ‘फळ’, ‘प्रभाव’ अशा शब्दांत ओठांमधून हवेचा धक्का थेट जाळीवर आदळतो. ध्वनिमुद्रणात तो ‘धप्’ असा ऐकू येतो आणि आलेखात एकाच बाजूला उसळलेला जाडजूड डोंगर दिसतो. माईकसमोर स्पंज किंवा जाळीचा पॉप फिल्टर लावणे हा अर्धा उपाय आहे. दुसरा अर्धा फुकट आहे: माईक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, तीस-चाळीस अंश बाजूला ठेवून त्याचे तोंड ओठांकडे वळवायचे. आवाज सगळीकडे पसरतो, झोत मात्र सरळ पुढे जातो आणि माईकला चुकवून निघून जातो.

जवळीक हाच गोंगाटावरचा उपाय आहे याचा जुना पुरावा खेळांच्या समालोचनात आहे. बीबीसीच्या अभियंत्यांनी समालोचकांसाठी लिप माईक विकसित केला. त्याची वरची पट्टी समालोचकाने वरच्या ओठावर टेकवायची असते, त्यामुळे आतली धातूची पट्टी तोंडापासून कायम सुमारे ५४ मिलिमीटरवर राहते. भरलेल्या स्टेडियममध्ये शेजारी हजारो लोक ओरडत असतानाही बोलणे स्वच्छ येते. तो रिबन जातीचा, म्हणजे डायनॅमिकच्याच कुळातला माईक आहे, पण त्याची करामत कुळात नसून त्या पट्टीने ठरवून दिलेल्या अंतरात आणि लांबून येणारा खर्ज कापणाऱ्या रचनेत आहे.

अंतरानंतर दिशेचा क्रम. बहुतेक बोलण्याचे माईक कार्डिऑइड म्हणजे हृदयाच्या आकाराच्या टापूत ऐकतात. समोरून पूर्ण, दोन्ही बाजूंनी सहा डेसिबल कमी आणि बरोबर पाठीमागून जवळजवळ काहीच नाही. सगळीकडून सारख्या येणाऱ्या गोंगाटाच्या बाबतीत यामुळे सुमारे पाच डेसिबलची बचत होते, मग पडदा कोणत्याही जातीचा असो. पण पाठीमागचा हा बहिरा कोपरा नेमक्या शत्रूवर रोखला तर बचत बरीच वाढते. इथे एक चूक सर्रास होते. डायनॅमिक माईक टेबलावरच्या छोट्या स्टँडवर खालून तिरका वर, तोंडाकडे रोखला जातो. तेव्हा त्याचे कान छताकडे आणि बहिरी पाठ फरशीकडे असते, म्हणजे पंखा समोर आणि शांत फरशी मागे. तोच माईक दांड्यावरून उलटा, वरून खाली तोंडाकडे रोखला तर पाठ छताकडे जाते. माईक तोच, अंतर तेच, पंखा मात्र स्पष्टपणे मागे पडतो. खिडकीचेही असेच: बोलणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून बसावे, म्हणजे माईकची पाठ खिडकीकडे राहते. पाठ खिडकीला करून बसले तर माईक बोलणाऱ्याच्या खांद्यावरून थेट रस्ता ऐकतो. अर्थात टणक भिंतींच्या खोलीत रस्त्याचा आवाज भिंतींवरून फिरून पुढूनही येतो, म्हणून या युक्तीची मर्यादा खोली किती घुमते यावर ठरते.

टेबलावरच्या मोठ्या यूएसबी कंडेन्सरमध्ये दिशेचा आणखी एक घोळ असतो. यातले बरेचसे माईक टोकाने नव्हे तर कुशीने ऐकतात. समोरच्या बाजूला कंपनीचे चिन्ह असते, तिकडून बोलायचे असते. पुष्कळ लोक तो हातातल्या माईकसारखा आडवा करून त्याच्या टोकात बोलतात आणि आपला आवाज सहा डेसिबलने कमी करून घेतात. शिवाय ब्लू यतीसारख्या माईकमध्ये तीन छोटे पडदे असतात आणि मागच्या बटणाने चार टापू निवडता येतात. त्यातला सगळीकडून ऐकणारा गोल टापू चुकून निवडलेला राहिला तर गोंगाटाची तक्रार माईकच्या जातीबद्दल नसून त्या बटणाबद्दल असते. माईकभोवती फिरत एकसारख्या आवाजात आकडे मोजले आणि नंतर ऐकले की कोणती बाजू ऐकते हे मिनिटभरात कळते.

टेबलावर माईक ठेवण्याचा एक तोटा हवेतून येतच नाही. कीबोर्डचा खडखडाट, टेबलावर ठेवलेला पेला, गुडघ्याचा धक्का हे सगळे लाकडातून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून पडद्यात जाते. हातात धरण्यासाठी बनवलेल्या डायनॅमिकमध्ये पडद्याखाली रबराची किंवा हवेची उशी असते. यूएसबी कंडेन्सरमध्ये ती अनेकदा नसते, आणि त्याच्यासाठी वेगळी लवचीक झोळी किंवा निदान खाली जाड स्पंज लागतो. टेबलावर बोटाने टकटक केल्यावर ‘धडधड’ ऐकू आली तर उपाय माईक बदलण्यात नसून तो टेबलापासून सुटा करण्यात आहे.

डायनॅमिकचीही एक कमकुवत बाजू आहे. त्याचा विद्युतसंकेत बारीक असतो, म्हणून तो खूप वाढवावा लागतो. शुअरचा एसएम७बी ९४ डेसिबलला १.१२ मिलिव्होल्टच देतो आणि बोलण्यासाठी त्याला साधारण ६० डेसिबल वाढ लागते. स्वस्त ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे एक्सएलआर माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीला, एवढी वाढ झेपत नाही. बटण शेवटच्या टोकाला नेले की त्या पेटीचीच ‘सूं’ ऐकू येऊ लागते. यावरून कंडेन्सर बरा असे वाटू शकते, पण हिशेब केला तर गोंगाटाच्या खोलीत हा मुद्दा गळून पडतो. चांगल्या पेटीची ती सूं एसएम७बीच्या बाबतीत सुमारे २३ डेसिबलच्या आवाजाइतकी भरते. खोलीतच ५० डेसिबलचा पंखा चालू असेल तर ती त्याच्या खाली गाडली जाते. कंडेन्सरचा मोठा गुण, म्हणजे त्याची स्वतःची शांतता, रात्री दोन वाजता बंद खोलीत कामाला येतो; भर दुपारी रस्त्याकडेच्या खोलीत तो गुण वापरायला मिळतच नाही. ध्वनिमुद्रणात ऐकू येणारा खरखराट खोलीचा की पेटीचा हे ओळखण्यासाठी माईकची केबल काढून, बटण जागच्या जागी ठेवून दहा सेकंद ध्वनिमुद्रण करावे. सूं तशीच राहिली तर ती पेटीची, नाहीशी झाली तर खोलीची.

वेटोळ्यामुळे डायनॅमिकला आणखी एक खोड असते. लॅपटॉपचा अडॅप्टर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक किंवा इन्व्हर्टर यांच्याजवळ तो विजेची ‘घूं’ चुंबकीय मार्गाने उचलू शकतो. एसएम७बीमध्ये यासाठी उलट्या दिशेचे जादा वेटोळे बसवलेले असते, साध्या माईकमध्ये नसते. माईक हातात धरून जागच्या जागी फिरवला आणि घूं कमीजास्त झाली तर कारण हेच. अडॅप्टर दोन-तीन फूट दूर नेला की बहुतेकदा ती जाते.

दोन माईक घरी आणून तुलना करायची असेल तर नियम एकच: आधी बोलणे सारखे करायचे, मग गोंगाट ऐकायचा. दोन्ही माईक एकाच जागी, तोंडापासून सारख्याच अंतरावर आळीपाळीने लावून दहा सेकंद गप्प राहावे आणि मग एकच परिच्छेद वाचावा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकड्यांना `Loudness Normalization` एकाच आकड्यावर लावले की बोलण्याची पातळी सारखी होते, आणि मग त्या गप्प दहा सेकंदांत काय ऐकू येते ते हेडफोनवर ऐकावे. वरच्या खोलीतल्या शिक्षकांनी अशी चाचणी चार बोटांवर केली तर दोन माईकमधला फरक त्यांना अपेक्षेपेक्षा बराच कमी भासेल. तीच चाचणी एकाच माईकवर चार बोटे आणि दोन फूट अशी केली तर मात्र फरक लहान मुलालाही कळेल.

बसून केलेल्या ध्वनिमुद्रणाला हे सगळे लागू होते. पण फळ्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्या माणसाला चार बोटांवर ठेवलेला माईक कसा पुरणार? तो फळ्याकडे वळला की आवाज पंधरा डेसिबलने पडतो आणि समोर आला की पुन्हा उसळतो. इथे टेबलावरचा कंडेन्सर आणि स्टँडवरचा डायनॅमिक दोन्ही बाद. माईक अंगावर हवा, म्हणजे शर्टाच्या बटणपट्टीवर हनुवटीखाली वीतभर लावलेला कॉलर माईक किंवा गालाजवळ काडी येणारा हेडसेट. हे दोन्ही बहुधा इलेक्ट्रेट कंडेन्सरच असतात, आणि कॉलर माईक तर अनेकदा सगळीकडून ऐकणारा असतो. कंडेन्सर गोंगाट ओढतो असे मानणाऱ्यांसाठी ही अडचणीची गोष्ट आहे. हेडसेटची काडी ओठांपासून दोन-तीन बोटांवर असल्यामुळे भर वर्गात तो डायनॅमिकच्या तोडीस तोड काम देतो. कॉलर माईक वीतभर अंतरामुळे थोडा मागे राहतो. त्याला पदराची किंवा ओढणीची घासही लागता कामा नये.

दोघांच्या पॉडकास्टमध्ये एकच यूएसबी कंडेन्सर मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी बोलणे हा सोयीचा आणि जवळजवळ नेहमीच फसणारा मार्ग आहे. दोघेही दीड-दोन फुटांवर राहतात, आणि पुढून-मागून ऐकण्यासाठी निवडलेला टापू मागची भिंतही ऐकतो. दोघांना दोन डायनॅमिक, प्रत्येकी चार बोटांवर, आणि दोन माईकमधले अंतर तोंड ते माईक या अंतराच्या निदान तिप्पट, ही जुनी रीत चांगली. मग एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये क्षीण जातो. इथे यूएसबीची एक अडचण डोके वर काढते. दोन यूएसबी माईक एकाच संगणकाला लावले तर प्रत्येकाचे घड्याळ वेगळे असते. तासाभराच्या गप्पांच्या अखेरीस दोन ट्रॅक एकमेकांपासून सरकलेले असू शकतात आणि खोलीत प्रतिध्वनी असल्यासारखे वाटते. दोन एक्सएलआर डायनॅमिक एकाच दोन-चॅनेल पेटीत लावले तर घड्याळ एकच राहते. एका माणसासाठी यूएसबी पुरते, पण दुसरा बोलणारा आला की पेटीचा खर्च वसूल होऊ लागतो.

ध्वनिमुद्रणानंतरच्या सफाईवर किती भिस्त ठेवावी? ऑडॅसिटीतल्या `Noise Reduction` मध्ये आधी गप्प तुकडा निवडून `Get Noise Profile` दाबायचे आणि मग पूर्ण ट्रॅकवर ते लावायचे. पंख्यासारख्या एकसुरी आवाजावर सहा ते दहा डेसिबल कपात सहसा पचते. त्यापुढे गेले की बोलण्यातले श, स पाण्यातून आल्यासारखे बुडबुडतात. हॉर्न, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक यांवर हे तंत्र चालत नाही, कारण ते आवाज सतत बदलत असतात. नॉइज गेट नावाचे साधन बोलण्यातल्या विरामांत आवाज बंद करते, पण बोलणे सुरू होताच पंखा पुन्हा धाडकन उगवतो, आणि ही उघडझाप सलग गोंगाटापेक्षा जास्त टोचते. शिवाय पॉडकास्टचा आवाज एकसारखा भरीव करण्यासाठी कॉम्प्रेसर लावला जातो. तो मोठे आवाज दाबून सगळेच वर आणतो. त्याने दहा डेसिबल दाबले की विरामांतला पंखा दहा डेसिबलने वर येतो. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी बोलणे आणि गोंगाट यांत तीस डेसिबलच्या आसपास अंतर हाती असावे, म्हणजे नंतर तडजोडीला जागा राहते.

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात निवडीला आणखी एक बाजू येते. कंडेन्सरच्या पडद्यावरचा भार टिकून राहायचा तर त्याभोवतीचे इन्सुलेशन कोरडे लागते. दमट हवेत, शिवाय चार बोटांवरून येणाऱ्या ओल्या श्वासात, भार गळू लागतो आणि ध्वनिमुद्रणात अधूनमधून तडतड किंवा सूं ऐकू येते. माईक कोरड्या जागी ठेवला की काही तासांनी ती जाते. वापर झाल्यावर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवला, समोर जाळीचा पॉप फिल्टर कायम ठेवला, की जून ते सप्टेंबर निभावता येतो. डायनॅमिकच्या वेटोळ्याला आर्द्रतेचे हे दुखणे नसते. त्याचा जाळीतला स्पंज मात्र महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवावा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवावा.